सहाव्या रिळातला जोड

कुठलीही लांबट, चपटी वस्तू हातात आली की चाचा तिची कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सरकवून पाहत. एस.टी.चं तिकीट, शिंप्याची टेप, नातीच्या केसांची रिबीन. एकदा माझ्या दुकानात आलेलं विजेचं बिल त्यांनी असंच वरपासून खालपर्यंत चिमटीतून काढलं आणि म्हणाले, "इथं फाटलं हाय." मी चष्मा लावून पाहिलं. खरोखरच कडेला मुंगीच्या पायाएवढी फट होती.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याचा धंदा कधीच संपलेला असतो, पण बोटं रोज कामावर जातात. चाचा आमच्या गावच्या एकुलत्या एक टॉकीजमध्ये सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीजच्या दर्शनी गाळ्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान. गाळा टॉकीजच्या शेठचा, म्हणून बूथमधल्या पंख्यापासून मशीनच्या कार्बनच्या दिव्याला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरपर्यंत सगळी दुरुस्ती माझ्याकडे. बूथ म्हणजे ती वरची कोंडलेली खोली, जिथून पडद्यावर उजेड पडतो. लोक पडद्याकडे पाहायचे. त्यांच्या पाठीमागच्या या माणसाची आठवण त्यांना फिल्म तुटल्यावरच यायची. मग खुर्च्या वाजायच्या, शिट्ट्या, शिव्या. चाचा वर शांतपणे ब्लेड हातात घेऊन म्हणायचे, "घाई कोनाले हाय?" आणि दोन मिनिटांत खेळ पुन्हा सुरू व्हायचा.

पंचविसेक वर्षांपूर्वी त्यांना टॉकीजमधून काढलं. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी एका खेळात सहाव्या रिळातलं अख्खं गाणं गायब झालं. वितरकाचा माणूस बाल्कनीत बसला होता, त्याच्या ते तत्काळ ध्यानात आलं. ऑपरेटरनं गाणं कापून विकलं असं ठरलं. मोठ्या शेठनं वितरकाला नुकसान भरून दिलं, खराब झालेली प्रिंट टॉकीजच्या गोदामात पडली आणि चाचा रस्त्यावर आले. पुढे ते हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी करत, बाकी वर्षभर छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करत. गावानं त्यांना नाव ठेवलं 'गाणेचोर'. माणसं ते हसत म्हणत, आपुलकीनंसुद्धा म्हणत. चहाच्या टपरीवर कुणी म्हणे, "चाचा, ते गाणं एकदा वाजवा ना घरी." चाचाही हसल्यासारखं करत. मी ते हसू जवळून पाहिलं आहे. ते ओठांपलीकडे जात नसे.

टॉकीज मागाहून बंदच पडली. मोठे शेठ वारले. धाकट्या शेठनं यंदा ती पाडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं ठरवलं. पाडण्याआधी एक निरोपाचा खेळ करायची कल्पना त्यांनाच सुचली. जुनं मशीन, जुनी फिल्म, गावातले प्रतिष्ठित, वर्तमानपत्रात फोटो. गोदामात एकच प्रिंट उरली होती. तीच.

"चाचालेच बोलवा," धाकटे शेठ मला म्हणाले. "दुसऱ्याले येते कोनाले? जुनं झालं ते सारं."

मी निरोप घेऊन गेलो. चाचा नकार देतील असं मला वाटत होतं, खरं सांगायचं तर त्यांनी तो द्यावा असंही वाटत होतं. ते छत्रीची काडी सरळ करत होते. म्हणाले, "फिल्मची पेटी घेऊन ये. आन गल्लीतून नीट आन, आपटू नको."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात कापत होते. त्यांच्याकडे त्यांची मुलीची मुलगी शिफा राहत होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, काटक, फारसं न बोलणारी. घरात त्यांचं आपसात हिंदी चालायचं, पण मी बसलो असलो की दोघंही वऱ्हाडीवर येत. चाचा तिला म्हणाले, "डोये तुये, बोटं तुये. अक्कल माही." आणि शिकवणी सुरू झाली.

व्हरांड्यात त्यांनी एका फळीवर दोन चकत्या बसवल्या, हातानं फिरवायच्या. एकीवरून फिल्म सुटायची, दुसरीवर गुंडाळली जायची, मधे शिफाची चिमटी. पेटी उघडली तसा आंबूस वास सुटला. शिफानं नाक दाबलं.

"सिरका, व्हिनेगर," ती म्हणाली.

"फिल्म म्हातारी झाली की असाच वास येते," चाचा म्हणाले. "सडत जाते, आखडत जाते. मंग भोकं मशीनच्या दातांवर बसत नाई."

सोळा रिळांपैकी बहुतेक चिकटून ढेकूळ झाली होती. पाचवं ते आठवं एवढी चार बरी निघाली. तेवढीच दाखवायची असं ठरलं.

मी रेक्टिफायर दुरुस्तीच्या निमित्तानं रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसे. फिल्मची एक बाजू मळकट असते, दुसरी चकचकीत. मळकट बाजूला चित्र असतं, चाचा तिला 'मसाला' म्हणत. उजेड कमी असला तर कडेचा तुकडा ओठांत धरायचा. जी बाजू ओठाला चिकटते ती मसाल्याची. शिफानं ओठांत धरला, थुंकली आणि म्हणाली, "नाना, पंचवीस वर्षांची धूळ हाय याच्यावर."

"मंग? बिर्याणी पाह्यजे होती तुले?"

पहिला जोड तिनं रिकाम्या फिल्मवर केला. दोन चित्रांच्या मधे जी बारीक रेघ असते, बरोबर तिच्यावर एक टोक कापायचं. दुसऱ्या टोकाला रेघेपलीकडे दोन मिलिमीटरची पट्टी जास्तीची ठेवायची. त्या पट्टीला किंचित ओल द्यायची आणि ब्लेड आडवं धरून तिच्यावरचा मसाला पार खरवडून काढायचा, पट्टी काचेसारखी दिसेपर्यंत. कारण मसाल्यावर सिमेंट धरत नाही. फिल्म फिल्मलाच धरते. त्यावर येणाऱ्या दुसऱ्या टोकाची चकचकीत बाजूही हलकीच खरबरीत करायची. सिमेंट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं अ‍ॅसिटोन, त्यात फिल्मचेच बारीक तुकडे विरघळवलेले. शिफाला तो वास ओळखीचा वाटला.

"हे तर नेलपॉलिश काढायचं!"

"तुमी नखं सोलता, आमी सिनेमा जोडतो," चाचा म्हणाले.

सिमेंटचा एकच पातळ हात फिरवायचा, कारण ते लगेच उडतं. दोन्ही टोकं लोखंडी चिमट्यात भोकावर भोक बसवून दाबायची. पंधरापर्यंत मोजायचं. शिफा दहालाच चिमटा उघडायची.

"घाई कोनाले हाय?" चाचा डोळे मिटून म्हणायचे. "दोन तुकडे विरघळून एक होऊन राह्यले. होऊ दे त्याहिले."

तिच्या पहिल्या जोडात भोकं अर्धी एकमेकांवर आली. दुसरा ताणल्याबरोबर सुटला. तिसऱ्यात एक भोक जास्तीचं गेलं. चाचांनी तो चिमटीतून ओढून पाहिला. "चित्राले प्रत्येक बाजूनं चार भोकं असते. तू पाच केली. आता पडद्यावर मानसाचं डोकं खाली येईन आन वर दुसऱ्याचे पाय. लोकं तुया नावानं शिट्ट्या मारन." अकरावा जोड त्यांनी दोन्ही बाजूंना वाकवला, ताणला, पिळला. तो सुटला नाही. मग खिशातून काळ्या शाईची बाटली आणि काडी काढली.

फिल्मच्या एका कडेला आवाजाची नागमोडी पांढरी पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा उजेड जातो आणि त्या उजेडाच्या कमीजास्तीचा आवाज होतो. जोडाची रेघ तिथून गेली की पडद्यामागं 'धप्प' असा दणका बसतो. म्हणून चाचा जोडावर, फक्त त्या पट्टीवर, शाईची एक बारीक चंद्रकोर काढत. उजेड हळूच झाकला जातो, हळूच उघडतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

"हे सगळे ऑपरेटर करत होते?" शिफानं विचारलं.

"करनारे करत. आपल्याकडं मीच होतो."

खेळाच्या दोन दिवस आधी ती सहावं रीळ तपासत होती. फिल्म चिमटीतून सरकत होती आणि ती मधेमधे थांबून म्हणत होती, "जोड. तुमचा." पुन्हा थोड्या वेळानं, "जोड. तुमचा." मग एकदम थांबली.

"नाना, हा तुमचा नाही."

मी रेक्टिफायरचे पेच पिळत होतो, मान वर केली नाही.

"सेलोटेप हाय," ती म्हणाली. "पिवळी पडलेली. भोकांवरून लावली आन मंग टाचणीनं भोकं पाडली. रेघेवर कापलंच नाही, दोन भोकं सोडून कापलं. मसाला खरवडला नाही. कोरही नाही." ती फिल्म उजेडाकडे धरून पाहत होती. "याच्या आधी गाण्याची सुरुवात हाय. हार्मोनियमवर हात ठेवला तिनं. आन याच्यानंतर डायरेक्ट रेल्वे स्टेशन."

चाचा भिंतीला टेकून बसले होते. "पाह्यलं मी तवाच," ते म्हणाले.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं. मोठ्या शेठले रीळ दाखवलं. तो म्हने, जोड तर जोडच हाय. त्याच्या लेखी कापलं ते कापलं. हा जोड वाचाले येत होतं कोनाले?"

घटना चाचांनी तिला सांगितली ती अशी. शुक्रवार, बाजाराचा दिवस. चाचा जुम्याच्या नमाजाला गेले होते. धाकटे शेठ तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे, त्यांना त्या दिवशी एक खेळ जादा बसवायचा होता. चाचांना त्यांनी सकाळीच गाणं काढायला सांगितलं, चाचांनी नाही म्हटलं होतं. सहा मिनिटांचं गाणं म्हणजे साडेपाचशे फूट. धाकट्या शेठनं ते स्वतःच काढलं, टेप लावली, रीळ गुंडाळून त्याच्या जागी ठेवून दिलं. चाचा धावत आले आणि त्यांनी खेळ सुरू केला. जोड गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या चौकटीतून, गेला तसं पडद्यावरचं चित्र घसरून अर्ध-अर्ध झालं, चाचांनी चाक फिरवून ते सावरलं, आणि तेवढ्यात वितरकाचा माणूस जिना चढत होता.

"तवा बूथमधे कोन होतं?" शिफानं विचारलं.

चाचांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "कोनी नाही. पंखा होता."

पंख्याजवळ मी होतो. तो बंद पडला म्हणून चाचाच मला तिथं बसवून नमाजाला गेले होते. धाकटे शेठ ब्लेड घेऊन आले, "भाऊ, तुमी आपलं काम करा," म्हणाले आणि मी आपलं काम केलं. कापलेली गुंडाळी पिशवीत घालून ते मागच्या जिन्यानं उतरले, तेही पाहिलं. संध्याकाळी मोठ्या शेठनं सगळ्यांना बोलावून "कोनी पाह्यलं काय?" असं विचारलं. माझ्या हातात पंख्याची मोटर होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. गाळा शेठचा होता आणि माझं नवीन लग्न झालं होतं. चाचा त्या दिवशी माझ्याकडे एकदाच पाहून दुसरीकडे वळले. त्यानंतर पंचवीस वर्षांत त्यांनी मला याबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्या दुकानात येत राहिले, चहा पीत राहिले.

शिफाचं म्हणणं होतं की जोड आहे तसाच ठेवायचा आणि धाकट्या शेठला दाखवायचा.

"हा जोड मशीनमधे जानार नाही," चाचा म्हणाले. "टेपचा गोंद सुटला. गेटमधे अटकन. फिल्म थांबली की कार्बनच्या उजेडानं तिथंच जळन. मंग पुढचं सारं तुटन."

"मंग सहावं रीळ दाखवू नका."

"पाच, सात, आठ दाखवू? मधलं कुठं गेलं म्हनन लोकं?"

"नाना, पुरावा हाय हा."

"मले मालूम हाय काय हाय ते," चाचा म्हणाले. "पन माह्या मशीनमधे असा जोड जानार नाही. काप."

तिनं मोबाइलवर चार-पाच फोटो काढले. मग दोन्ही बाजूंची दोन-दोन चित्रं सोडून तो जोड कापला. टेप लागलेला तुकडा वहीत ठेवला. रेघेवर कापलं, मसाला खरवडला, सिमेंट लावलं, पंधरा मोजले. या वेळी तिनं घाई केली नाही. शेवटी शाईची कोर काढताना तिचा हात थांबला.

"ही काढली तर इथं तुमचीच सही होईन."

"आन नाही काढली तर दनका बसन," चाचा म्हणाले.

तिनं कोर काढली.

खेळ दुपारचा होता. आम्ही सकाळीच बूथमध्ये गेलो. कबुतरांची घाण काढली, मशीनच्या दातेरी चाकांना तेल दिलं. धाकटे शेठ व्यवस्था पाहायला वर आले तेव्हा शिफानं त्यांच्यापुढे वही उघडली, मोबाइल धरला आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. टेप, टाचणीची भोकं, चुकलेली रेघ, नसलेली कोर. ती छान बोलली, एखाद्या मास्तरणीसारखी. शेठनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो तुकडा उलटासुलटा केला.

"बेटा, ही सेलोटेप हाय. सेलोटेप कोनीही लावते. नानानंच लावली नसन कायवरून?"

"नाना कधीच टेप लावत नव्हते. रिळात पाहा, त्यांचे सगळे जोड..."

"रिळात त्या जागी आता काय हाय?"

शिफानं चकतीकडे पाहिलं.

"तुया नानाचाच जोड हाय ना? मंग?" त्यांनी तुकडा तिच्या वहीत परत ठेवला, वही मिटून दिली. "पंचवीस वर्षं झाली. कायले उकरता? आज आनंदाचा दिवस हाय." जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, रेक्टिफायर ठीक चालून राह्यला ना?"

मी म्हटलं, "हो."

हे माझं दुसरं गप्प बसणं. पहिल्याला निदान गाळा होता, नवं लग्न होतं. दुसऱ्याला काय कारण द्यावं ते मला आजही सापडत नाही.

खाली भाषणं सुरू झाली. बूथच्या छोट्या चौकटीतून सगळं ऐकू येत होतं. शिफा मशीनमध्ये फिल्म ओवत होती, चाचा नुसते बोटानं तपासत होते. चित्र उलटं, डोकं खाली, कारण भिंग ते सुलटं करतं. गेटच्या वर एक झोल, खाली एक झोल. वरचं चक्र फिल्म एकसारखी सोडत असतं, पण गेटमध्ये प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, सेकंदाला चोवीस वेळा. मधे झोल नसेल तर त्या झटक्यांनी फिल्म फाटते. चाचांनी खालचा झोल बोटानं मोजला. "दोन भोकं वाढव," म्हणाले.

तेव्हाच माइकवरून धाकट्या शेठचा आवाज आला. "आमचे ऑपरेटर चाचा आज वर बूथमधे हायेत. तुमाले मालूमच हाय, त्याहीनं एक गाणं सोताजवळ ठेवून घेतलं होतं. आज शेवटच्या दिवशी तरी वापस करतीन अशी आशा हाय!"

हॉल हसला. अख्खा हॉल. कुणी दुष्टपणानं हसलं नाही, हेच वाईट होतं.

शिफाचे हात फिल्मवर होते तसेच राहिले. ती दाराकडे वळली.

"कार्बन पाह्य," चाचा म्हणाले.

"नाना..."

"कार्बन पाह्य म्हनलं."

तिनं काळा चष्मा लावला. चाचांनी जपून ठेवलेल्या तांब्याच्या मुलाम्याच्या कार्बनच्या दोन कांड्या तिनं एकमेकींना टेकवल्या आणि लगेच दूर सारल्या. मधल्या फटीत तो पांढरा उजेड पेटला. कांड्या जळत जातात, फट वाढते, उजेड मंदावतो. म्हणून त्या थोड्याथोड्या पुढे सरकवत राहावं लागतं. शिफा ते करत राहिली. गाल ओले होते, पण नजर कांड्यांवरच होती.

पाचवं आणि सहावं रीळ एकाच मोठ्या चकतीवर होतं. सहाव्यात बाई हार्मोनियमवर हात ठेवते तिथं चित्र उडी मारून स्टेशनवर गेलं. आवाज मागाहून गेला. आवाज वाचणारा दिवा गेटच्या खाली असतो, म्हणून जोड तिथं पोचायला पाऊण सेकंद लागतो. दणका बसला नाही. चित्र सूतभरही हललं नाही. "गाणं?" असं खालून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा झाला. चाचा मशीनला कान लावून उभे होते. त्यांनी मान डोलावली, शिफाकडे बघून.

चकती संपत आली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मशीन बदलायच्या खुणेचा पहिला ठिपका उमटला. शिफानं दुसऱ्या मशीनची मोटर सुरू केली. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला. तिनं इकडची उजेडापुढची झडप पाडली, तिकडची उघडली. खाली बसलेल्या कुणालाही कळलं नाही की मशीन बदललं. सातवं, आठवं रीळ न तुटता गेलं. लोक टाळ्या वाजवून नाश्त्याकडे वळले. वर कुणी आलं नाही.

टॉकीज आठ दिवसांत पाडली. चाचा त्यानंतर दोन महिने होते. छत्र्या दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं त्यांनी. मी गेलो की शिफाला चहा ठेवायला सांगत, पण स्वतः फारसं बोलत नसत. एका सकाळी उठलेच नाहीत.

कबरस्तानातून परतल्यावर माणसं त्यांच्या व्हरांड्यात बसली होती. धाकटे शेठ आले, पांढऱ्या कपड्यांत, माझ्याशेजारी टेकले. त्यांना खरंच वाईट वाटत असावं. हळू आवाजात म्हणाले, "मानूस सोन्यासारखा होता. तेवढं एक गाण्याचं सोडलं तर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते तुमी कापलं. मी बूथमधेच होतो. पाह्यलं मी."

शेठ दचकले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त विचारलं, "मंग पंचवीस वर्षं बोलले काहून नाही, भाऊ?"

माझी नजर खाली गेली. मान वर केली तेव्हा दारात शिफा उभी होती, पाण्याचा ट्रे घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे काही क्षण पाहत राहिली. मग पुढे आली, वाकली आणि आम्हा दोघांसमोर एक-एक ग्लास ठेवून आत निघून गेली.